चोवीस जागा, सव्वाशे इच्छुक: सोडत काढावी की आधी येईल त्याला द्यावी?

कुंभारकामाच्या दोन दिवसांच्या कार्यशाळेचं उदाहरण घेऊ. चाकं बारा, म्हणजे एका वर्गात बाराच माणसं बसणार. शनिवार-रविवारचे सकाळ आणि दुपार असे दोन वर्ग धरले तरी जागा चोवीसच. खुर्च्या वाढवता येतात, चाकं वाढवता येत नाहीत. इच्छुक मात्र शंभराच्या वर. अशा वेळी आयोजकासमोर दोनच सरळ मार्ग असतात: जो आधी नाव देईल त्याला जागा, किंवा मुदतीत आलेल्या सगळ्यांची नावं घेऊन सोडत.

बहुतेक जण सवयीने पहिला मार्ग धरतात. त्यात गैर काही नाही, पण निवडण्याआधी एक आकडा पाहावा: मागच्या वेळी जागा भरायला किती वेळ लागला? नोंदणीच्या शीटमध्ये प्रत्येक अर्जापुढे वेळ असते. चोविसाव्या ओळीवर जा आणि पहिल्या ओळीशी फरक काढा. तो दहा दिवसांचा असेल तर सोडतीचा खटाटोप करू नका. तो सहा मिनिटांचा असेल तर तुम्ही एक सोडत आधीच काढलेली आहे, फक्त तिच्या चिठ्ठ्या सारख्या नव्हत्या.

हा फरक किती झपाट्याने बदलतो, ते अमेरिकेच्या एच-१बी व्हिसात दिसलं. आपल्याकडच्या कितीतरी घरांत त्याची चर्चा झालेली आहे. नेहमीच्या कोट्यात वर्षाला 65,000 जागा आणि अर्ज 1 एप्रिलपासून. 2005 साली हा कोटा ऑगस्टमध्ये भरला. 2006 साली मे महिन्याच्या अखेरीस. 2007 साली मात्र अर्ज घ्यायला सुरुवात केली त्याच दिवशी मर्यादा ओलांडली गेली आणि संगणकावर सोडत काढावी लागली. तोवर ‘आधी कोण’ या प्रश्नाला अर्थ होता: मेमध्ये अर्ज करणारा ऑगस्टमध्ये करणाऱ्यापेक्षा खरोखर आधी आलेला असतो. एकाच दिवशी आलेल्या टपालाच्या गठ्ठ्यात कोण आधी हे ठरवायचं, तर ते कुरिअरवाल्याच्या वाटेवर ठरतं.

आधी येईल त्याला: नेमकं काय मोजलं जातं

सकाळी दहाला नोंदणी उघडली की पहिल्या पाच मिनिटांत कोण असतं? ज्याला दहा वाजता मोकळीक आहे तो. वर्गावर असलेली शिक्षिका, ड्यूटीवरची परिचारिका, गाडीवर असलेला कंडक्टर हे त्यात नसतात. त्यात भर म्हणजे निरोप कुठे आधी पोचतो. आयोजक साहजिकच जुन्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आधी टाकतो, आणि दर वर्षी तेच चेहरे चाकावर बसतात. दोन वर्षांच्या याद्या शेजारी ठेवून पाहा. अर्धी नावं तीच असतील तर नोंदणी बाहेर पोचण्याआधीच संपते आहे.

‘ज्याला खरी तळमळ आहे तो वेळेवर येतोच’ असं एक समर्थन ऐकू येतं. नोंदणी आठवडाभर चालणार असेल तर त्यात तथ्य आहे. मिनिटांच्या शर्यतीत तळमळ आणि नेटवर्क वेगळे काढता येत नाहीत. 2021 च्या मे महिन्यात 18 ते 44 वयोगटासाठी कोविनवरच्या नोंदणीने लसीकरण सुरू झालं, तेव्हा संगणक येणाऱ्यांनी रिकामी जागा दिसताच इशारा देणारे छोटे प्रोग्रॅम लिहिले आणि त्यांचे टेलिग्राम गट चालले. लस सगळ्यांनाच हवी होती. ती आधी मिळाली ज्यांच्या ओळखीत असा कोणी होता त्यांना. कुंभारकामासाठी कोणी प्रोग्रॅम लिहिणार नाही हे कबूल. पण घरातल्या तीन फोनवर फॉर्म उघडून बसणारे नक्की भेटतात.

दुसरी अडचण अगदी कारकुनी आहे, आणि भांडणं तिथेच होतात. आधी म्हणजे कधी? गूगल फॉर्ममध्ये नोंदली जाते ती फॉर्म पाठवल्याची वेळ, उघडल्याची नव्हे. लांब फॉर्म ठेवलात तर भराभर टाइप करणारा पुढे जातो. पैसे वेगळ्या पायरीवर घेत असाल तर गोंधळ आणखी वाढतो: एकाने 10:02 ला फॉर्म भरला पण यूपीआयचे पैसे 10:40 ला आले, दुसऱ्याचं दोन्ही 10:05 ला झालं. जागा कोणाची? शिवाय जागा भरल्यावरही काही मिनिटं पैसे येतच राहतात, ते परत करत बसावं लागतं. हा मार्ग घ्यायचा असेल तर फॉर्म नाव, फोन आणि वर्गाची पसंती एवढाच ठेवा, आणि क्रम फॉर्मवरून धरणार की पैशांवरून, हे आधीच जाहीर करा. बाकी चौकशी नंतर होते.

तरी या पद्धतीचे दोन फायदे सोडतीला देता येत नाहीत. त्याच संध्याकाळी यादी पक्की असते, त्यामुळे मातीची आणि भट्टीची तयारी लगेच सुरू होते. आणि पैसे भरून आलेला माणूस सहसा येतो.

सोडत: ती कुठे बिघडते

सोडतीत अर्ज करायला काहीच पडत नाही, म्हणून ‘टाकून तर बघू’ म्हणणारेही येतात. चोवीस नावं निघाली की त्यातल्या काहींना तो शनिवार जमतच नाही. उपाय म्हणून सगळ्यांकडून आधी पैसे घेऊ नका. सव्वाशे लोकांचे घेऊन शंभर जणांना परत करणं ही शिक्षा आहे. निवड झालेल्यांना 48 तासांची मुदत द्या, तेवढ्यात पैसे आले नाहीत तर जागा पुढच्याला. त्यासाठी फक्त चोवीस नावं काढून थांबायचं नाही. सगळ्या नावांचा क्रम एकदाच लावायचा: पहिले चोवीस आत, पंचविसाव्यापासून प्रतीक्षा यादी. पुन्हा पुन्हा सोडत काढली की संशय येतो, आणि तो रास्तही असतो.

दुसरा धोका एकाच माणसाच्या अनेक चिठ्ठ्यांचा. इथेही एच-१बीचंच उदाहरण बोलकं आहे. 2023 च्या फेरीत सुमारे 7 लाख 80 हजार नोंदण्या आल्या, आणि त्यातल्या चार लाखांहून अधिक अशा व्यक्तींच्या होत्या ज्यांचं नाव एकापेक्षा जास्त कंपन्यांनी दिलं होतं. पुढच्या वर्षी नियम बदलला: नोंदण्या कितीही असोत, निवड व्यक्तीची आणि एकदाच. नोंदण्या 4 लाख 80 हजारांच्या आसपास उतरल्या. कार्यशाळेपुरता याचा अर्थ एवढाच, की सोडतीआधी यादी फोन नंबरवर लावून दुहेरी नावं काढा आणि घरच्या दुसऱ्या नंबरांवरून आलेली तीच नावं डोळ्यांनी तपासा.

जोडीने येणाऱ्यांचा प्रश्न याहून अवघड. दोघी मैत्रिणी म्हणतात, आलो तर दोघी येऊ. समजा अर्ज 120 आणि जागा 24, म्हणजे प्रत्येकाची शक्यता पाचात एक, 20 टक्के. दोघींच्या वेगळ्या चिठ्ठ्या टाकल्या आणि ‘एकीचं नाव निघालं की दोघी आत’ असं केलंत, तर त्यांची शक्यता जवळपास 36 टक्के होते. एकट्याने अर्ज करणाऱ्यावर हा सरळ अन्याय. दोघींची मिळून एकच चिठ्ठी टाकली की हिशेब पुन्हा 20 टक्क्यांच्या आसपास येतो. पण मग चोविसावी जागा उरली असताना जोडी निघाली तर? माझ्या मते ती जोडी प्रतीक्षा यादीत पहिली ठेवावी आणि जागा पुढच्या एकट्या नावाला द्यावी. दुसरा नियमही चालेल, मात्र तो चिठ्ठी उघडण्याआधी लिहिलेला हवा.

चिठ्ठ्या बरणीत टाकून लहान मुलाच्या हातून काढण्याची रीत गोड आहे, पण नीट ढवळलं नाही तर ती फसते. 1 डिसेंबर 1969 रोजी अमेरिकेत व्हिएतनाम युद्धाच्या सैन्यभरतीसाठी जन्मतारखांची सोडत निघाली. तारखांच्या कुप्या महिन्यामहिन्याने पेटीत भरल्या होत्या आणि पुरेशा मिसळल्या नव्हत्या. वर्षअखेरीच्या तारखा, विशेषतः डिसेंबरच्या, ठळकपणे आधी निघाल्या. अर्ज आले त्या क्रमाने चिठ्ठ्या बरणीत टाकल्या तर तुमच्याकडेही हेच होऊ शकतं.

संगणकावर काढणार असाल तर कोणालाही पडताळता येईल अशी काढा. अर्जांना क्रमांक द्या, क्रमांकांची यादी सोडतीआधी जाहीर करा, आणि ज्यावरून संगणक क्रम लावतो तो सुरुवातीचा आकडा असा ठरवा जो कोणालाच आधी माहीत नसेल. ‘येत्या शुक्रवारचा सेन्सेक्स बंद होतानाचा आकडा, दोन दशांश स्थळांपर्यंत’ हे चांगलं चालतं. क्रमांक yadi.txt मध्ये ठेवा, हा पायथन प्रोग्रॅम चालवा आणि तो आकडा टाइप करा:

```python
import random
ids = sorted(open("yadi.txt").read().split())
random.seed(input())
random.shuffle(ids)
print(ids)
```

तीच यादी आणि तोच आकडा दिला की हा क्रम कोणाच्याही संगणकावर तसाच येतो. ‘बाईंनी आपल्या भाचीला घातलं’ ही कुजबुज मग फार चालत नाही.

मग कोणती?

कार्यशाळा दर महिन्याला होत असेल तर आधी येईल त्याला. हुकलेला पुढच्या महिन्यात येतो. वर्षातून एकदाच होणारी, आणि मागच्या वेळी तासाभराच्या आत भरलेली असेल तर सोडत. पहिल्यांदाच घेत असाल आणि अंदाज नसेल, तर नियम असा लिहा: सात दिवस अर्ज घेऊ, त्या काळात कोण आधी याला महत्त्व नाही, जागांपेक्षा कमी अर्ज आले तर सगळे आत आणि उरलेल्या जागा येईल त्याला, जास्त आले तर सोडत. सोडत लागणारच नाही अशीही शक्यता असते, आणि ती काढावी लागली तरी कोणाला आश्चर्य वाटत नाही.

एक ठिकाण मात्र असं आहे जिथे सोडत काढणाऱ्यानेही घड्याळाकडे पाहावं. शुक्रवारी संध्याकाळी कोणी रद्द केलं, तर प्रतीक्षा यादीतल्या एकेकाला फोन करून तासभर उत्तराची वाट पाहायला वेळ नसतो. तेव्हा यादीतल्या सगळ्यांना एकच निरोप टाकावा, ‘उद्या सकाळी नऊची एक जागा आहे’, आणि पहिलं उत्तर येईल त्याला ती द्यावी. हा अपवादही पहिल्या जाहिरातीतच छापलेला असला म्हणजे झालं.