रापणीचा एक प्रसंग: अडीच वर्षांच्या मुलांसाठी की आठ वर्षांच्या?

गोव्यातल्या बाणावलीच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे वाळूवरून माणसांनी ओढायचं मोठं जाळं, ओढताहेत, असा अर्ध्या मिनिटाचा अ‍ॅनिमेशन प्रसंग घ्या.

अडीच वर्षांच्या मुलांसाठी मी तो एकाच शॉटमध्ये ठेवेन. कॅमेरा स्थिर, मागे कोरी वाळू, मध्ये दोर ओढणारा एकच रापणकार. जाळं हळूहळू जवळ येतं, बांगडा उडी मारतो, मग दोन-तीन सेकंद काहीच घडत नाही. ही थांबण्याची जागा कापू नका. मूल तेवढ्यात ‘मासा!’ म्हणतं. मध्येच माशाचा क्लोजअप टाकला, तर जाळ्यातला आणि आताचा मासा एकच आहे हे या वयात सहज जुळत नाही.

आठ वर्षांच्या मुलांना तोच शॉट कंटाळवाणा होईल. त्यांच्यासाठी सहा-सात शॉट करा: होडी जाळं अर्धवर्तुळात सोडते, किनाऱ्यावर दोन रांगा दोन टोकं ओढतात, शेवटी वाटे पडतात. पार्श्वभूमीत माड, माणसं, कावळे चालतील. मात्र अर्धवर्तुळ कळण्यासाठी वरून घेतलेला शॉट पाच सेकंद तरी टिकू द्या, आणि त्यात बाकी हालचाल थांबवा. किशोरांसाठी याच प्रसंगात ट्रॉलरवाल्यांशी असलेला वादही गुंफता येईल.

दोन्ही वयोगट एकत्र बसणार असतील, तर मी संथ आवृत्ती निवडेन. मागे एक स्थिर होडी ठेवली, तर मोठी मुलं तिच्यावर नजर टाकतील. लहानग्यांना तुटलेला धागा जोडता येत नाही.

तपासायला आवाज बंद करून दाखवा आणि मध्येच थांबवून विचारा, ‘मासा कुठे गेला?’ बोट जाळ्याकडे गेलं नाही, तर आधी पार्श्वभूमी रिकामी करा, वेग नंतर बघा.