तेलाच्या डब्याचा रेट पडला असं पोर्टलवर दिसलं तर आधी हे वाचा

आमचा मस्जिद बंदरला खाद्यतेलाचा छोटा होलसेल धंदा आहे, मी आणि दादा बघतो. रोज सकाळी सप्लायरच्या पोर्टलवरून रेटची एक्सेल काढायची, कालच्या रेटशी फरक लावायचा आणि आठ-दहा ओळींचा गोषवारा करून ग्रुपवर टाकायचा हे माझं काम, त्यावरच दादा माल उचलायचा की थांबायचं ते ठरवतो.

सोयाबीन रिफाइंडचा डबा 2100 वर होता, जीएसटी सोडून. एके सकाळी 1980 दिसला. एका डब्यामागे 120 रुपये कमी म्हटल्यावर कोण सोडेल, दादाने 100 डबे उचलले आणि फरसाणवाल्यांना जुन्या हिशोबानेच पण थोडं स्वस्त करून दिले. दुपारी लालबागच्या एका गिऱ्हाईकाचा फोन, "ओ भाऊ, डबा हलका लागतोय, काट्यावर ठेवून बघा जरा."

झालं असं होतं की सप्लायरने गुपचूप 15 किलोचा डबा बंद करून त्याच नावाखाली 15 लिटरचा लावला होता. तेल पाण्यापेक्षा हलकं, लिटरला साधारण 910 ग्रॅम, म्हणजे 15 लिटरचे 13.65 किलोच भरतात. आता भागून बघा, आधी 2100 भागिले 15 म्हणजे किलोला 140 पडत होते, आता 1980 भागिले 13.65 म्हणजे 145 च्या वर. स्वस्त कसलं, किलोमागे पाच रुपयांनी महागच! आणि 100 डब्यांत 135 किलो तेल कमी आलं ते वेगळंच.

फोन केला तर म्हणे "युनिट लिहिलंय की स्क्रीनवर." लिहिलं होतं, नावाखाली फिक्या राखाडी बारीक अक्षरात, आणि एक्सेलमध्ये तर युनिटचा कॉलमच देत नाहीत. खरी चलाखी पुढे आहे, जुने रेट उघडले तर मागच्या महिन्याचे 2100 सुद्धा 15 लिटरचेच दाखवतंय, कारण युनिट रेटला नाही तर आयटमला चिकटवलेलं, एकदा बदललं की सगळा इतिहास बदलतो. म्हणजे कुणी तपासायला गेलं तरी रेट पडलाच असंच दिसणार. नशीब ग्रुपवर जुने स्क्रीनशॉट पडून होते आणि त्यात 15 किलो स्पष्ट दिसत होतं.

वजनमापवाल्यांकडे जायचा विचार केला पण डब्याच्या लेबलवर लिटर आणि किलो दोन्ही बरोबर छापलेत, तिथे पकडायला काही नाही, फसवणूक पोर्टलवर झालीय.

आता माझ्या शीटमध्ये रेट सी कॉलमला, लेबलवरचं निव्वळ वजन डी कॉलमला, आणि ग्रुपवर डब्याचा रेट जातच नाही, फक्त हा जातो:

```
=C2/D2
```

वजन पोर्टलवरून घेत नाही, माल निघायच्या आधी लेबलचा फोटो मागवतो, फोटो नाही तर पेमेंट नाही. स्क्रीनशॉट दाखवल्यावर त्याने पुढच्या बिलात थोडे पैसे वजा केले, बाकीचं "बघतो शेठ" वर अडकलंय.