आत्याचं घर कुणाला द्यायचं: धर्मादाय न्यास की कलम ८ कंपनी?

आत्याचं तासगावातलं घर दुमजली आहे. पुढे ओटा, मागे विहीर. तिला मूलबाळ नाही. घर द्यायचं ते मुलींच्या अभ्यासिकेसाठी, आणि अभ्यासिका सुरू करायला बँकेतले पाच लाखही द्यायचे, हे तिनं पक्कं केलं होतं. घ्यायला दोन संस्था तयार होत्या. एक गावातलाच जुना न्यास, दुसरी सांगलीतून काम करणारी, २०१९ साली स्थापन झालेली. एकीच्या नावात 'प्रतिष्ठान', दुसरीच्या नावात 'फाउंडेशन', आणि दोघींच्या पावतीवर 'नोंदणीकृत सेवाभावी संस्था' हे शब्द. आत्या म्हणाली, "दोघांची नोंदणी आहे ना? मग ज्यांची माणसं बरी वाटतात त्यांना देऊ."

मी काही न्यासांचे हिशेब लिहितो, म्हणून तिला थांबवलं. नोंदणी कुठल्या कायद्याखाली आहे यावर तिच्या घराचं पुढे काय होऊ शकतं हे अवलंबून असतं, आणि ते नावावरून कळत नाही. 'फाउंडेशन' न्यासही असू शकतो, सोसायटीही आणि कंपनीही. सगळ्यात सोपी पहिली खूण पॅन क्रमांकात असते. त्याचं चौथं अक्षर न्यासाला `T` असतं आणि कंपनीला `C`. आम्ही दोन्ही संस्थांकडून पॅनची प्रत मागितली. तासगावचा न्यास `T` निघाला, सांगलीची संस्था `C`. म्हणजे एकीची वही धर्मादाय कार्यालयात, दुसरीची कंपनी रजिस्ट्रारकडे.

आधी न्यासाचं सांगतो. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासाची नोंदणी १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली होते. क्रमांकाच्या आधी एक अक्षर असतं. विशिष्ट धर्मापुरत्या नसलेल्या धर्मादाय न्यासाला बहुधा 'ई', आणि १८६० च्या सोसायटी कायद्याखालीही नोंद असलेल्या संस्थेला 'एफ'. आपल्याकडच्या बऱ्याच शिक्षणसंस्था आणि मंडळं 'एफ' मध्ये येतात, त्यामुळे त्यांच्याकडे दोन प्रमाणपत्रं दिसतात. त्यांत गोंधळून जायचं कारण नाही.

पण ते चौकटीत लावलेलं प्रमाणपत्र एवढंच सांगतं, की अमुक दिवशी नोंद झाली. आजची परिस्थिती कळते ती परिशिष्ट एकच्या उताऱ्यावरून. कार्यालयात त्याला पीटीआरचा उतारा म्हणतात. जमिनीचा सातबारा तसा न्यासाचा हा उतारा. त्यात विश्वस्तांची नावं, विश्वस्त नेमण्याची रीत, उद्देश, स्थावर-जंगम मालमत्ता, तिच्यावरचा बोजा, सगळं असतं. धर्मादाय संघटनेच्या `charity.maharashtra.gov.in` या संकेतस्थळावर माहिती मिळते, पण घर द्यायचं असेल तर नक्कल अर्ज करून शिक्क्याची प्रत घ्यावी, आणि ती जुनी झेरॉक्स नसावी.

आम्ही घेतलेल्या उताऱ्यावर सात विश्वस्त होते. त्यातले दोघे वारलेले. आणि जे गृहस्थ अध्यक्ष म्हणून आत्याच्या घरी चहाला येऊन गेले होते, त्यांचं नाव त्यात नव्हतंच. विचारल्यावर म्हणाले, "चेंज रिपोर्ट टाकलाय." विश्वस्त बदलला, मालमत्ता आली किंवा गेली, की कलम २२ खाली ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. अर्ज देणं आणि तो मंजूर होऊन उताऱ्यावर नाव चढणं यात मात्र अंतर असतं. कुणी हरकत घेतली तर ते वर्षानुवर्षं वाढतं. बक्षीसपत्रात घेणाऱ्यानं स्वीकार करावा लागतो. तिथे सही करणारा माणूस नोंदीवर नसेल आणि उद्या विश्वस्तांत दोन गट पडले, तर दुसरा गट पहिल्यांदा त्या सहीवरच बोट ठेवेल. म्हणून 'टाकलाय' यावर थांबू नये. अर्जाचा क्रमांक आणि वर्ष घ्यावं, आणि तो मंजूर आहे की प्रलंबित, हे कार्यालयात पाहावं. आमचा प्रलंबित निघाला. माणसं वाईट नव्हती. दोघे वारल्यावर अर्ज करायचं राहून गेलं होतं आणि तो दोन वर्षं उशिरा दिला होता.

आता कंपनी. कलम ८ कंपनी म्हणजे २०१३ च्या कंपनी कायद्याखालची, नफा न वाटणारी कंपनी. १९५६ च्या जुन्या कायद्यात हीच कलम २५ कंपनी होती. सांगली आणि साताऱ्याच्या कंपन्या पुण्याच्या रजिस्ट्रारकडे येतात. तिचा क्रमांक २१ अक्षर-अंकांचा असतो. आमच्यासमोरचा `U85300PN2019NPL` असा सुरू होत होता, पुढे सहा आकडे. यात `PN` म्हणजे पुणे, `2019` हे स्थापनेचं वर्ष, आणि `NPL` ही नफा न वाटणाऱ्या कंपनीची खूण. तिथे `PTC` असेल तर ती साधी प्रायव्हेट कंपनी आहे, पावतीवर काहीही छापलेलं असो.

कंपनी तपासणं घरबसल्या होतं, हे तिच्या बाजूनं मोकळेपणानं सांगायला हवं. `mca.gov.in` वर कंपनीचा मास्टर डेटा काढला की स्थिती, नोंदणीकृत पत्ता, संचालक, शेवटच्या वार्षिक सभेची तारीख, शेवटच्या ताळेबंदाची तारीख आणि कर्जाचा बोजा समोर येतो. बहुतेक जण `Active` दिसलं की समाधानानं पान बंद करतात. खरी माहिती त्याच्या खालच्या दोन तारखांत असते. ताळेबंदाची तारीख तीन-चार वर्षांपूर्वीची असेल तर वार्षिक विवरणं भरली जात नाहीत, आणि अशी कंपनी पुढे `Strike Off` मध्ये, म्हणजे रजिस्टरातून नाव काढलेल्यांत, जाऊ शकते. या कंपनीच्या तारखा ताज्या होत्या, बोजा काही नव्हता. किरकोळ शुल्क भरून तिची घटना आणि ताळेबंदही उतरवून घेता आले. उद्देशांत शिक्षण होतं.

म्हणजे कागदांच्या बाबतीत कंपनी सरस ठरली. आत्याचा कलही तिकडे झुकला. मग मी तिला तिचाच प्रश्न विचारला: "दहा वर्षांनी यांनी घर विकायचं ठरवलं तर?"

इथे दोघांतला सगळ्यात मोठा फरक आहे. न्यासाला स्थावर मालमत्ता विकायची, बदलून द्यायची किंवा बक्षीस द्यायची असेल, तर कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीनं भाड्यानं द्यायलाही लागते. कर्ज काढायलाही आयुक्तांची मंजुरी लागते, ती कलम ३६अ खाली. विश्वस्तांना गरज दाखवावी लागते, व्यवहार न्यासाच्या हिताचा आहे हे पटवून द्यावं लागतं. ही प्रक्रिया वेळखाऊ आहे, विश्वस्त तिच्याबद्दल नेहमी कुरकुरतात, आणि एखाद्या प्रामाणिक न्यासाची चांगली संधीही त्यात जाते. पण घर देणाऱ्या बाईच्या जागी उभं राहून पाहिलं तर तो वेळ म्हणजे तिच्या घराला असलेलं कुलूप आहे.

कलम ८ कंपनीवर हे कुलूप नाही. तिची मालमत्ता विकायला धर्मादाय आयुक्तांकडे जावं लागत नाही. संचालक मंडळ आणि गरजेप्रमाणे सभासद यांच्या ठरावावर काम होतं. आलेला पैसा संचालकांना किंवा सभासदांना लाभांश म्हणून वाटता येत नाही, तो उद्देशांसाठीच वापरावा लागतो, हे खरं. पण 'शिक्षण' या उद्देशात सांगलीतला संगणकवर्गही बसतो. तासगावचं घर विकून तो काढला तर कायदा मोडत नाही, फक्त आत्याची अभ्यासिका राहत नाही.

आता पाच लाख. तिथे वेगळा कागद बघायचा, कारण न्यास असो की कंपनी, नुसत्या नोंदणीनं देणगीदाराला करसवलत मिळत नाही. त्यासाठी आयकर खात्याची ८०जी मान्यता वेगळी घ्यावी लागते. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला आणि कलमांचे क्रमांक बदलले, तरी लोक ८०जीच म्हणतात आणि हातातले आदेशही बहुतेक जुन्या नावाचेच आहेत. या आदेशात मुदत वाचायची असते. कंपनीच्या आदेशात निर्धारण वर्ष २०२४-२५ पर्यंत असं होतं. संचालकांना वाटत होतं की मार्च २०२५ पर्यंतच्या देणग्या त्यात बसल्या. पण निर्धारण वर्ष कमाईच्या वर्षाच्या पुढचं असतं. म्हणजे ती तात्पुरती मान्यता ३१ मार्च २०२४ लाच संपली होती, आणि त्यानंतर दिलेल्या पावत्यांवर ८०जीचा जुना क्रमांक छापत राहिले होते. नवा आदेश मागितला, तो नव्हता. न्यासाकडे चालू मुदतीचा पाच वर्षांचा आदेश होता.

मान्यता चालू असली तरी तीन गोष्टी आत्याला सांगाव्या लागल्या. सवलत जुनी करपद्धत निवडली तरच मिळते. दोन हजारांवरची रोख देणगी धरत नाहीत, म्हणून रक्कम चेकनं किंवा बँकेतून द्यायची. आणि वस्तुरूप देणगीला सवलत नाही, त्यामुळे घराच्या किमतीवर काही मिळणार नाही. पैशांसाठी संस्थेनं विवरणात देणगीदाराची नोंद करून प्रमाणपत्र द्यायचं असतं. आजवर त्याला १०बीई म्हणत. साधी पावती त्याची जागा घेत नाही.

कंपनीच्या माहितीपत्रकावर 'नीती आयोग मान्यताप्राप्त' असंही होतं. त्यांच्याकडे होता तो एनजीओ दर्पणचा क्रमांक. एनजीओ दर्पण ही नीती आयोगाच्या संकेतस्थळावरची, संस्थांची माहिती ठेवणारी यादी आहे. तिचा क्रमांक मिळाला म्हणून नीती आयोगानं कुणाला मान्यता दिली असं होत नाही. सीएसआर-१ क्रमांकाचा उपयोग मोठ्या कंपन्यांचा सामाजिक निधी घेण्यापुरता. परदेशातून पैसे घ्यायचे तर एफसीआरए नोंदणी लागते, ती दोघांकडेही नव्हती. आत्याचा भाचा अमेरिकेत आहे आणि तोही हातभार लावायचा म्हणत होता. तो भारतीय नागरिक आहे आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देणार आहे, म्हणून अडचण नाही. तिकडचं नागरिकत्व घेतलं असतं तर त्याची देणगी परदेशी धरली असती.

आत्यानं घर न्यासाला द्यायचं ठरवलं, पण बक्षीसपत्र आत्ताच करायचं नाही. आधी बदल अर्ज मंजूर व्हावा, नव्या विश्वस्तांची नावं असलेला उतारा हातात यावा. मग बक्षीसपत्रात मुलींच्या अभ्यासिकेचा उद्देश स्पष्ट लिहायचा, आणि नोंदल्यावर ९० दिवसांत न्यासानं घर परिशिष्ट एकवर चढवण्याचा अर्ज द्यायचा. घर तिथे दिसलं नाही तर कलम ३६ चं कुलूप कागदावर शोधायला कुणाला जागाच राहत नाही. अर्जाची पोच आपल्याला द्यावी, हे तिनं अध्यक्षांना तोंडावर सांगितलं.

पाच लाखांपैकी एक लाख पहिल्या वर्षी पुस्तकांना आणि बाकांना, बाकीचे अभ्यासिका उघडल्यावर. कंपनीचं काम तिला आवडलं होतं, तिथली मुलामुलींना शिकवणारी माणसं खरोखर कष्टाळू आहेत. त्यांना तिनं कळवलं, की ८०जीचा नवा आदेश आला की दाखवायला या, तुमच्या वर्गासाठी वेगळं काहीतरी देईन. सध्या विहिरीवरची जाळी बदलून घेतली आहे, कारण मुली येणार.