हयातीचा दाखला: बँकेत जाऊन द्यायचा, पोस्टमनला घरी बोलवायचा की फोनवर चेहरा दाखवायचा?

नोव्हेंबर आला की आपल्याकडे घराघरात हाच विषय, दाखला दिला काय, कुठे दिला, कुणी दिला. मी इथे फक्त केंद्र सरकारी पेन्शनवाल्यांचं बोलतोय, म्हणजे पोस्ट, कस्टम, रेल्वे वगैरेमधून रिटायर झालेले आणि पेन्शन बँकेत घेणारे. गोवा सरकारची पेन्शन असेल तर पणजीच्या अकाउंट्स डायरेक्टोरेटची सूचना बघा. पीएफवाली पेन्शन असेल तर नोव्हेंबरचं बंधन नाही, दाखला वर्षात केव्हाही द्या, दिलेल्या तारखेपासून एक वर्ष चालतो.

केंद्रवाल्यांसाठी 1 ते 30 नोव्हेंबर, आणि 80 पूर्ण झालेल्यांना 1 ऑक्टोबरपासूनच मुभा आहे. ती मुभा जरूर वापरा, ऑक्टोबरात काउंटरवर गर्दी नसते आणि दाखला तरी पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबर अखेरपर्यंत चालतो.

आता तीन वाटा. पहिली जुनी, बँकेत जाऊन फॉर्म भरायचा आणि अधिकाऱ्यासमोर सही करायची. चालता येत असेल आणि शाखा जवळ असेल तर माझ्या मते अजूनही हीच सगळ्यात भरवशाची, कारण आधार, ओटीपी, नेटवर्क कसलीच कटकट नाही. आणि ज्या शाखेत खातं त्याच शाखेत जावं लागतं असं नाही, पेन्शन देणाऱ्या बँकेची कुठलीही शाखा दाखला घेते, रिझर्व्ह बँकेने तसं सांगितलेलं आहे. म्हणजे खातं पेडण्याला आणि आई मुलाकडे मडगावला राहत असेल तर मडगावच्या शाखेत द्या, पेडण्यापर्यंत नेऊ नका. फक्त एक गोष्ट सोडू नका, सही-शिक्क्याची पोच. काउंटरवरचा माणूस "ठेवा, होईल" म्हणेल, तरी पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही, कारण फॉर्म गठ्ठ्यात राहून सिस्टीममध्ये चढला नाही तर तो दिल्याचा तेवढाच पुरावा तुमच्या हातात असतो.

दुसरी वाट पोस्टमनची. पोस्ट पेमेंट्स बँकेकडे मागणी नोंदवायची, जवळच्या पोस्टात सांगून किंवा 155299 वर फोन करून, की पोस्टमन मशीन घेऊन घरी येतो आणि दाखला डिजिटल होतो. 70 रुपये घेतात, तुमचं खातं कुठल्याही बँकेत असलं तरी चालतं. घरात स्मार्टफोन चालवणारं कुणी नसेल तर दुसरा विचारच करू नका, हेच करा. अडचण येते ती बोटांची. कुळागरात आयुष्य गेलेल्या माणसाच्या बोटांवरच्या रेषा पुसट झालेल्या असतात, मशीन "जुळत नाही" म्हणत राहतं. अशा वेळी हात कोमट पाण्याने धुऊन कोरडे करा आणि दुसरी बोटं लावून बघा, अंगठाच पाहिजे असं काही नाही. तरीही नाही झालं तर पोस्टमनला चेहऱ्यावरून करायला सांगा.

तिसरी वाट, घरच्या फोनवर चेहरा दाखवून. फुकट. अँड्रॉइड फोन, त्यात AadhaarFaceRD आणि Jeevan Pramaan ही दोन ॲप टाकायची. फोन पेन्शनरचाच पाहिजे असं नाही. आधी मदत करणाऱ्याने, म्हणजे मुलगा, सून, नातू, आपल्या आधारवर ऑपरेटर म्हणून स्वतःचा चेहरा स्कॅन करायचा आणि मग पेन्शनरची माहिती भरून त्यांचा चेहरा. माणसाला खिडकीकडे तोंड करून बसवा, पाठीमागून उजेड आला की चेहरा काळा पडतो, आणि स्क्रीनवरचं वर्तुळ हिरवं झालं की डोळे मिटून उघडायला सांगा. आधारवरचा फोटो फार जुना असेल आणि चेहरा बदललेला असेल तर जुळतच नाही, मग आधी आधार केंद्रात फोटो बदलून घ्यावा लागतो, म्हणून नोव्हेंबरच्या शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नका.

पण लोक अडकतात ते चेहरा जुळल्यानंतर. आमच्या नात्यातल्या एका मावशीचं सांगतो. वय 76, सत्तरी तालुक्यात राहते, स्वतः पोस्टातून रिटायर आणि काका कस्टममध्ये होते, ते गेले, म्हणजे तिला दोन पेन्शन येतात, स्वतःची आणि काकांची फॅमिली पेन्शन. दोन पेन्शन म्हणजे दोन पीपीओ नंबर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावरचे नंबर, आणि दोन वेगळे दाखले. एक दिला की दोन्ही झाले असं नाही, हे खूप जणांना माहीत नसतं. तिच्या नातवाने फोनवर पहिला दाखला बरोबर केला, मग दुसरा करताना पीपीओ नंबर काकांचा घातला, पेन्शनचा प्रकार फॅमिली निवडला, पण खाते नंबर पहिल्याच पेन्शनचा राहिला. दोन्ही वेळा मोबाईलवर मेसेज आला, दाखला तयार, हा घ्या प्रमाण आयडी. सगळ्यांना वाटलं झालं.

प्रमाण आयडी आला याचा अर्थ एवढाच की आधारने माणूस ओळखला. दाखला पुढे बँकेकडे जातो आणि बँक पीपीओ, खातं आणि नाव आपल्या नोंदीशी जुळवून तो स्वीकारते नाहीतर परत पाठवते, त्याचा वेगळा मेसेज येतो. मावशीच्या फॅमिली पेन्शनचा रिजेक्टेड म्हणून आला. मेसेज इंग्रजीत, सहज जाहिरातींच्या ढिगात गेला असता, नातवाने वाचला म्हणून कळलं. मग नवीन दाखला केला, काकांचा पीपीओ आणि फॅमिली पेन्शनचंच खातं पासबुक समोर ठेवून टाकलं, आणि तो स्वीकारला गेला. नाकारलेला दाखला दुरुस्त होत नाही, नवाच करावा लागतो.

म्हणून पोस्टमन असो की फोन, चार-पाच दिवसांनी तपासाच. jeevanpramaan.gov.in वर प्रमाण आयडी टाकून दाखल्याची स्थिती दिसते, नाहीतर सरळ बँकेत फोन करून पीपीओ नंबर सांगा आणि "दाखला नोंदला काय" एवढंच विचारा. दोन पेन्शन असतील तर दोन्ही पीपीओंचं वेगवेगळं विचारा. आणि गेल्या वर्षीचा प्रमाण आयडी यंदा चालत नाही, दरवर्षी नवा होतो.

फॅमिली पेन्शनवाल्या जोडीदाराने पुन्हा लग्न केलं असेल किंवा पेन्शनर परत नोकरीला लागला असेल तर डिजिटल दाखला चालत नाही, त्यांनी बँकेत कागदावरच द्यायचा.

मग निवडायचं काय? फिरता येतं, शाखा जवळ आहे: बँक, आणि पोच. घराबाहेर पडता येत नाही आणि घरात फोनवालं कुणी नाही: पोस्टमन. बोटं जुळत नाहीत पण घरात तरुण माणूस आहे: फोन, पासबुक आणि पीपीओ समोर ठेवून. पहिल्यांदा करत असाल तर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात करा, म्हणजे नाकारला गेला तरी दुसऱ्यांदा करायला दिवस हातात राहतात.

30 नोव्हेंबर चुकलाच तर घाबरू नका, पेन्शन रद्द होत नाही, डिसेंबरपासूनची थांबते. दाखला स्वीकारला गेला की थांबलेली रक्कम एरिअर्ससह खात्यात येते. पण औषधं, वीजबिल, दूधवाला कुणी त्यासाठी थांबत नाही, म्हणून दोन पेन्शनवाल्यांनी तरी दोन्ही दाखले एकाच दिवशी, एकामागोमाग करून टाकावेत.