हिरडीचा गळू की मुळाच्या टोकाचा?

खालची पहिली दाढ, गालाच्या बाजूला सूज, चावलं की ठणका. बाहेरून दोन्ही गळू सेमच दिसतात, त्यामुळे मी आधी कोल्ड टेस्ट करतो, तीही पहिल्यांदा दुसऱ्या बाजूच्या चांगल्या दाढेवर, म्हणजे पेशंटला नॉर्मल गार कसं लागतं ते कळतं. पेरिओडॉन्टल गळूत पल्प बहुतेक वेळा जिवंत असतो, गार लागतं आणि लगेच जातं. पेरिएपिकलमध्ये पल्प मेलेला, काहीच लागत नाही. पण दाढेला मुळं दोन-तीन, एकातला पल्प जिवंत असला तर टेस्ट फसवते.

मग प्रोब. हिरडीच्या आजारात पॉकेट रुंद असतं, ५, ६, ७ मिमी असं हळूहळू खोल जातं, शेजारच्या दातांनाही असतं. समजा या दाढेला सगळीकडे ३ मिमी, फक्त एका जागी प्रोब सरळ ९ मिमी आत, वर मोठं जुनं फिलिंग आणि गार शून्य, तर तो टोकाचाच पू हिरडीतून वाट काढतोय. इथे रूट कॅनल आधी, उगाच रूट प्लेनिंग करू नका! रूट कॅनल झालेल्या दाताला असं अरुंद पॉकेट दिसलं तर मात्र मूळ उभं तडकल्याचा संशय घ्यायचा.

एक्सरे शेवटी, कारण ताज्या पेरिएपिकल गळूत तो अगदी नॉर्मल येऊ शकतो, गालाकडच्या पॉकेटचा हाडक्षयही मुळामागे लपतो. पुळीतून पू येत असेल तर त्यात गटापर्चा पॉइंट सरकवून एक्सरे काढा, टोक कुठे पोचतं ते दिसतं.