रोजचं विरजण की पाकिटातलं कल्चर? दह्याला फेज लागल्यावर काय निवडायचं

दही लागलं नाही की पहिली शंका दुधावर जाते, आमचंपण तेच झालं. धायरीला छोटं युनिट आहे, रोज १५० लिटर दही, त्यातलं निम्मं चक्क्याला. पाडव्याच्या आधी सोमवारी ४३ डिग्रीला साडेचार तासांत लागणारं दही सहा तासांवर गेलं, मंगळवारी सात तास, आणि बुधवारी आठ तास झाले तरी पीएच ५.४ वरच अडकलेला, एरवी आम्ही ४.६ ला थंड करायला काढतो. सगळं पातळ, आंबटपणाच नाही.

मला वाटलं गायींना कासदाहाचं इंजेक्शन दिलं असणार, अँटिबायोटिक दुधात आलं. पण त्याच दुधाला बायकोने घरचं विरजण लावलं तर मस्त घट्ट दही! मग दोन बरण्यांत उकळून कोमट केलेलं दूध घेतलं, दोन्हीत आमचंच कल्चर घातलं पण नवीन पाकिटातलं, आणि एकीत फसलेल्या बॅचची निवळी लिटरला १० मिली टाकली. पाच तासांनी साधी बरणी लागली, निवळीवाली पातळच. अँटिबायोटिक असतं तर शंभर पट पातळ होऊन त्याचा जोर उरला नसता, पण फेज म्हणजे बॅक्टेरियाला लागणारा व्हायरस, तो चिमूटभर गेला तरी आत वाढत जातो. बॅक्टेरिया एकाचे दोन व्हायला वीस-तीस मिनिटं घेतो आणि फेज तासाभराच्या आत एकाचे कित्येक डझन होतो, म्हणून ही शर्यत एकतर्फी होते. माणसाला त्याचा काही त्रास नाही, नुकसान फक्त दह्याचं.

आता निवड काय करायची. एक रस्ता म्हणजे पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं घरगुती विरजण, कालच्या दह्यातलं आज. याला लोक मागासलेलं समजतात ते मला पटत नाही, त्यात बरेच वेगवेगळे स्ट्रेन मिसळलेले असतात, एक फेजला बळी पडला तरी दुसरा तग धरतो, म्हणून ते पूर्ण बसत नाही सहसा. तोटा हा की चव आणि वेळ रोज बदलते, उन्हाळ्यात लवकर आंबट, थंडीत उशीर, आणि दुकानदाराला रोज सारखंच दही लागतं.

दुसरा रस्ता पाकिटातलं कल्चर थेट दुधात टाकायचं, दरवेळी नवीन. वेळ ठरलेली, चव ठरलेली, मधे मदर कल्चर वाढवायची पायरीच नाही म्हणजे फेज शिरायची एक जागा कमी. पण स्ट्रेन मोजकेच, त्यामुळे त्यांचाच फेज खोलीत असेल तर अख्खी बॅच बसते. याला उपाय रोटेशन: दोन कल्चर आलटून पालटून, पण डीलरला स्पष्ट विचारा की दोघांचे फेज वेगळे आहेत ना. नुसतं नाव आणि पाकीट वेगळं असून आत तेच स्ट्रेन असले तर बदलून उपयोग शून्य. खर्च जास्त आहे आणि पाकीट डीप फ्रीजरमधे ठेवावं लागतं, लाइट जाण्याचा प्रॉब्लेम असेल तर तो धरून हिशोब करा.

तिसरा रस्ता आम्ही धरला होता, तो सगळ्यात वाईट. महिन्यातून एकदा पाकीट आणायचं आणि त्याच्याच दह्यातून पुढे चालवायचं, पैसे वाचतात म्हणून. यात स्ट्रेन पाकिटाइतके मोजके आणि फेज मात्र विरजणाबरोबर रोज पुढच्या बॅचमधे जातो. सोमवार ते बुधवार वेळ वाढत गेली ती ह्याचमुळे.

माझं मत, रोज वीस-तीस लिटर, गिऱ्हाईक ओळखीचं आणि चक्का करत नसाल तर घरगुती विरजण सोडू नका. शंभरच्या वर जात असाल आणि दुकानांना माल देत असाल तर पाकीट, दोनच्या रोटेशनमधे.

चक्का करत असाल तर मात्र कुठलंही कल्चर घ्या, आधी निवळीचं बघा. फसलेल्या बॅचच्या एका मिलीमधे कोट्यवधी फेज असू शकतात, आमचे चक्क्याचे पंचे विरजणाच्या टाकीपासून सहा फुटांवर टांगलेले होते, थेंब खाली बादलीत, शिंतोडे सगळीकडे. दूध ९० डिग्रीला तापवून बरेचसे फेज मरतात, पण त्यानंतर जे हवेतून, हातावरून, बादलीवरून येतात त्यांना कोण मारणार? आता चक्का मागच्या खोलीत, निवळी झाकणाच्या कॅनमधे, पंचे रोज पंधरा मिनिटं खळखळ उकळून, आणि टाकी आधी साबणाने स्वच्छ धुऊन मग २०० पीपीएम क्लोरीन. हा क्रम उलटा करू नका, दुधाचा थर राहिला की क्लोरीन त्यातच संपतं. आणि सकाळी विरजण आधी लावायचं, चक्क्याला हात नंतर, तोच माणूस दोन्ही करत असेल तर नक्कीच.