टॅरोची वही: सात महिने, दोन वह्या आणि आहेराची पाकिटं

मे महिन्यात सीताबर्डीवरून दोनशे पानी लाँगबुक आणली आणि रोज सकाळी टॅरोचं, म्हणजे भविष्य सांगायच्या चित्रांच्या पत्त्यांतलं, एक कार्ड काढून लिहायला लागले. डेक नेहमीचाच. 1909 सालचा, पामेला कोलमन स्मिथच्या चित्रांचा, 78 कार्डांचा. तीन-चार वर्षं मैत्रिणींना रीडिंग करून देत होते, त्या म्हणायच्या तुझं खरं निघतं. किती खरं निघतं ते एकदा मोजावं, एवढाच विचार होता.

पहिल्या वहीचं पान असं होतं: सकाळी कार्ड आणि त्याचा अर्थ, रात्री दिवसभरात काय झालं ते, शेवटी बरोबरची किंवा चुकीची खूण. जूनच्या मध्यापर्यंत 41 नोंदी झाल्या, त्यात 33 बरोबर. मला आनंदच झाला. मग एका रविवारी वही घेऊन जाऊबाईंकडे गेले. त्या शाळेत गणित शिकवत होत्या, आता निवृत्त. त्यांनी दोन पानं वाचली आणि म्हणाल्या, "हे तू चुकीचं ठरूच कसं देशील बाप्पा? 'मनाला लागेल असं काही घडेल' म्हणे. कुकरची शिट्टी झाली नाही तरी तुला लागतं."

हे काही नवीन नाही. 1948 मध्ये बर्ट्रम फोरर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 39 विद्यार्थ्यांना 'तुमच्या स्वभावाचं वर्णन' म्हणून एकच मजकूर दिला, ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला. ते आपल्याला किती लागू पडतं याला त्यांनी पाचपैकी सरासरी 4.26 गुण दिले. मला ठाऊक होतं. पण आपल्या वहीतलं दिसायला दुसऱ्याचे डोळे लागले.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट त्यांनीच दाखवली. 41 दिवसांत टॉवर नावाचं कार्ड चार वेळा आलं होतं. मी त्याचा अर्थ लावत बसले होते, उलथापालथ होणार म्हणून. त्यांनी डेक टेबलावर ठेवून बाजूने बघितला. टॉवर मधोमध कमान झाल्यासारखं वाकलं होतं. मी कुलरसमोर बसून कार्डं पिसायची. नागपूरच्या उन्हाळ्यात कुलरशिवाय बसणार कुठे? त्या ओलसर वाऱ्याने काही कार्डं बाक धरतात, आणि डेक कापला की नेमका त्या फटीपाशीच हात थांबतो. नवीन डेक घेतला, जुना जाड पुस्तकाखाली ठेवला. कुणाला एकच कार्ड पुन्हा पुन्हा येत असेल तर आधी डेक आडवा धरून बघा.

मग जाऊबाईंनी पद्धत ठरवून दिली. आधी मी 78 कार्डांची अर्थसूची केली. प्रत्येक कार्डाला एकच ओळ, तीही पडताळता येईल अशी. एट ऑफ वाँड्स: अनपेक्षित बातमी किंवा फोन. सिक्स ऑफ स्वॉर्ड्स: शहराबाहेर किंवा लांबचा प्रवास. फाइव्ह ऑफ वाँड्स: वाद. कार्ड उलटं आलं तर त्याचा वेगळा अर्थ धरायचा नाही, नाहीतर पळवाट तयारच. या सूचीला तीन रविवार गेले आणि सगळ्यात अवघड तेच काम होतं. स्टार, टेम्परन्स या कार्डांना पडताळता येणारा अर्थ देताना जीव गेला.

जुलैपासून आठवड्याला सात चिठ्ठ्या जमायच्या, तारीख नसलेल्या, नुसता अर्थ लिहिलेल्या. सोबत माझ्या सात रात्रींच्या नोंदी. रविवारी जाऊबाई कोणती चिठ्ठी कोणत्या दिवसाची ते जुळवायच्या. यातली मजा त्यांनी कागदावर मांडून दाखवली: अगदी डोळे मिटून जुळवलं तरी सरासरी एक जोडी बरोबर येते. प्रत्येक चिठ्ठी आपल्या दिवसावर पडायची शक्यता सातात एक, आणि चिठ्ठ्या सात. पाच चिठ्ठ्या असोत की पन्नास, उत्तर एकच. म्हणजे आठ आठवड्यांत नुसत्या नशिबाने आठ जोड्या धरायच्या, त्यातही दोन-तीनचा चढउतार नेहमीचा.

ऑगस्टअखेर मोजल्या तर अकरा होत्या.

मी खूश. जाऊबाई मात्र त्या अकरा जोड्या परत काढून बसल्या. कोणती कशी ओळखली ते त्यांना आठवत होतं. एका दिवशी टेन ऑफ वाँड्स आलं होतं. चित्रात दहा काठ्यांची मोळी उचलून वाकलेला माणूस, माझा अर्थ 'ओझं'. त्या दिवशी मी कॉटन मार्केटमधून दोन पिशव्या भाजी आणली होती आणि रात्री लिहिलं होतं, 'ओझं वाहून पाठ गेली.' एरवी मी लिहिते, 'भाजी आणली.' बस. "हे कार्डाने नाही सांगितलं, तुझ्या वाक्याने सांगितलं," त्या म्हणाल्या. अकरांपैकी चार जोड्या अशा शब्दांवरून ओळखलेल्या होत्या. सकाळी बघितलेलं कार्ड रात्रीच्या पेनात उतरत होतं. शिवाय फाइव्ह ऑफ वाँड्सच्या दिवशी मी सकाळपासूनच नवऱ्याशी तिरकं बोलत होते, हे त्याने आपणहून सांगितलं. तीही जोडी बरोबर आली होती, वाद झालाच होता.

सप्टेंबरपासून म्हणून दोन बदल केले. कार्ड सकाळी काढायचं, पण बघायचं नाही. पालथंच पाकिटात टाकून वर तारीख लिहायची. घरात आहेराची पाकिटं पडून होती, एक रुपयाचं नाणं चिकटवलेली, कार्ड त्यात बरोबर बसतं. आणि रात्री परिच्छेद लिहायचा नाही, ठरलेल्या दहा प्रश्नांना हो किंवा नाही: वाद झाला का, अनपेक्षित फोन आला का, ठरल्यापेक्षा जास्त खर्च झाला का, शहराबाहेर गेले का, काम अर्धवट राहिलं का, बाहेर जेवले का, असे. रविवारी नवरा पाकिटं फोडायचा, तारखा आपल्याजवळ लिहून ठेवायचा आणि कार्डं मिसळून जाऊबाईंना द्यायचा. त्या सूची बघून जुळवायच्या. एकच उणीव, आठवडाभर पाकिटातली कार्डं डेकमध्ये परत जात नाहीत, म्हणून एका आठवड्यात कार्ड दोनदा येत नाही. जुळवणीत त्याने फरक पडत नाही.

एका आठवड्यात तीन जोड्या जमल्या तेव्हा मी फोन करून दोघी मैत्रिणींना सांगितलं होतं. पुढचे दोन आठवडे शून्य. आठ आठवड्यांची बेरीज सात आली. नशिबाची आठ.

याने एवढंच ठरलं की रोजच्या एका कार्डातून दिवस ओळखता येईल असं मोठं काही माझ्या हातून होत नाही. कार्डं आठवड्याला तीन दिवस खरी बोलत असती तर बेरीज चोविसाच्या वर गेली असती आणि ते लपलं नसतं. अगदी बारीक काही असेल तर 56 दिवसांत ते दिसणारही नाही, त्याला काही वर्षांच्या वह्या लागतील आणि जाऊबाईंचा तेवढा धीर.

रीडिंग सोडलं का? नाही. पण कुणी तारीख विचारली, बदली केव्हा, लग्न केव्हा, की आता सरळ सांगते, ते मला येत नाही. माझ्या पहिल्या वहीत बदलीचा प्रश्न सात आठवड्यांत नऊ वेळा विचारलेला सापडला, आणि दर वेळी उत्तर पटलं नाही म्हणून पुन्हा कार्ड काढलेलं. ती पानं मी परत वाचली, त्यात कार्डांपेक्षा मीच जास्त दिसले.

कुणाला वही सुरू करायची असेल तर महागडी छापील 'टॅरो जर्नल' घेऊ नका. त्यात चंद्राच्या कला असतात, 'कसं वाटलं' याला अर्धं पान असतं आणि पडताळणीला जागाच नसते. लाँगबुक पुरते. अर्थसूची पहिल्या दिवसाआधी करा, आणि जुळवणारा माणूस असा शोधा ज्याला तुम्हाला खूश करायची गरज नाही.

पाकिटं ऑक्टोबरअखेर बंद केली. दहा प्रश्नांचा कागद मात्र जाऊबाई सोडायला तयार नाहीत. परवा फोन आला, "छप्पन दिवसांत एकोणीस वेळा बाहेर जेवलात तुम्ही. हे कोणत्या कार्डात होतं गं?"